एनडीव्हीआय अडकतो तो लाल पट्ट्यामुळे

«उसाची वाढ चालूच आहे, मग एनडीव्हीआय 0.87 च्या पुढे का सरकत नाही?»

एनडीव्हीआय म्हणजे उपग्रहाच्या चित्रावरून पिकाचा हिरवेपणा मोजणारा निर्देशांक. त्याचं सूत्र पाहा: (B8 − B4) / (B8 + B4). B4 म्हणजे पानावरून परत आलेला लाल प्रकाश, B8 म्हणजे डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त. हरितद्रव्य लाल प्रकाश खाऊन टाकतं. पानांनी जमीन झाकली की शंभरातला जेमतेम 3 भाग लाल परत येतो, आणि त्याहून कमी व्हायला फारशी जागाच उरत नाही.

आता आकडे घालून बघा. B8 45 आणि B4 3 असेल तर उत्तर 0.875. पानांचे थर वाढून B8 50 झाला, B4 तेवढाच राहिला, तर 0.887. शेतात एवढा फरक पडला, निर्देशांक मात्र जागचा हलला नाही म्हणा ना!

अशा वेळी सेंटिनेल-2 उपग्रहाचा B5 घ्या. तो लाल आणि निकट-अवरक्त यांच्या सीमेवरचा पट्टा; तिथे प्रकाश कमी शोषला जातो, म्हणून दाट पिकातही तो बदलत राहतो. (B8A − B5) / (B8A + B5) मध्ये B8A 45 वरून 50 आणि B5 12 वरून 10 झाला, तर उत्तर 0.58 वरून 0.67 वर जातं.

एक अडचण आहे. उपग्रहाच्या चित्रात B5 चा एक चौकोन 20 मीटरचा, B4 चा 10 मीटरचा. 20 गुंठ्यांच्या तुकड्यात जेमतेम पाच चौकोन बसतात आणि त्यांत बांध, रस्ता, शेजाऱ्याचं पीक मिसळतं. कडेचे चौकोन काढले की हातात फारसं काही उरत नाही. एवढ्या लहान शेतासाठी हा निर्देशांक वापरू नका.