राँग नंबर म्हणून फोन आपटायच्या आधी

कुठल्यातरी यादीत आपला नंबर चुकून छापला गेला की दिवसभर अनोळखी लोकांचे फोन सुरू होतात. त्यावर बहुतेकांचा सल्ला ठरलेला असतो, "ब्लॉक कर आणि सोडून दे." मला हा सल्ला पटत नाही. ब्लॉक केल्याने एक माणूस थांबतो, यादी तशीच राहते. उद्या तीच यादी वाचून दुसरा कोणीतरी फोन करतो.

माझ्या नंबरावर एका दातांच्या दवाखान्याचे फोन येत होते. सगळ्यात चिकाटीचे होते एक वयस्कर काका. रोज सकाळी फोन आणि रोज एकच प्रश्न, "डॉक्टर आले का?" मी "राँग नंबर" म्हणायचे, ते "बरं बरं" म्हणून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

असा फोन आला की समोरच्याला आधी विचारायचं, "तुम्ही कोणता नंबर लावलात? आकडे वाचून दाखवता का?" आकडे त्यांनीच वाचायचे. आपण आपला नंबर किंवा नाव सांगत बसायचं नाही. त्यांनी वाचलेला नंबर आपला नसेल, तर त्यांचं बोट चुकलं आणि विषय संपला. तो आपलाच निघाला, तर चूक कुठेतरी लिहिलेली आहे. मग पुढचा प्रश्न, "हा मिळाला कुठे?" काकांनी चष्मा शोधला, आकडे सावकाश वाचले. नंबर माझाच होता. नातवाने नेटवर बघून मोबाइलमध्ये 'दात डॉक्टर' नावाने सेव्ह करून दिला होता. मग काका रोज का फोन करतात तेही कळलं. ते नंबर फिरवतच नव्हते, नावावर बोट ठेवत होते. अशा माणसाला शंभर वेळा राँग नंबर सांगा, उपयोग शून्य. सेव्ह केलेलं नाव पुसायला लावायचं आणि बरोबर नंबर मेसेजने पाठवायचा, म्हणजे त्यावर बोट ठेवून तोच सेव्ह करता येतो.

पण बरोबर नंबर आणायचा कुठून? सर्चमध्ये आपला नंबर अवतरणचिन्हांत टाकून शोधा. एकदा सलग, एकदा मध्ये जागा सोडून, एकदा देशाचा कोड लावून, कारण प्रत्येक साइट नंबर वेगळ्या पद्धतीने लिहिते. मला दवाखाना नकाशावर सापडला आणि आणखी दोन डिरेक्टरींमध्येही. दवाखान्याच्या स्वतःच्या वेबसाइटवर मात्र नंबर वेगळा होता, शेवटचे दोन आकडे उलटे. तरी तो मी लगेच लोकांना वाटत सुटले नाही. आधी स्वतः लावून खात्री केली. अंदाजाने नंबर दिला तर आपण आपली कटकट तिसऱ्याच्याच गळ्यात मारतो.

रिसेप्शनवरच्या बाईंना आधी वाटलं, मी तक्रार करतेय. "तुमचे पेशंट माझ्याकडे येताहेत," म्हटल्यावर त्या सावध झाल्या. दुरुस्ती करून घ्यायला त्यांच्याइतकं योग्य कोणी नाही, कारण नुकसान त्यांचं होतंय. गूगल मॅप्सवर `Suggest an edit` वापरून कोणीही दुरुस्ती सुचवू शकतं, पण ती तपासून मगच लागू होते आणि कधीकधी नाकारलीही जाते. प्रोफाइल दवाखान्याच्या ताब्यात असेल तर तो आत जाऊन स्वतः नंबर बदलू शकतो. डिरेक्टरींना मात्र वेगवेगळं कळवावं लागतं. त्या बऱ्याचदा एकमेकींकडून माहिती उचलतात, त्यामुळे एका ठिकाणी पुसलेला नंबर थोड्या दिवसांनी पुन्हा उगवू शकतो. म्हणून अधूनमधून तोच सर्च परत करून बघावा.

या सगळ्यात एका गोष्टीला मात्र साफ नकार द्यायचा. "दुरुस्तीसाठी तुमच्या नंबरवर कोड आलाय, तो सांगा" असं कोणी म्हणालं, तर सांगायचा नाही, मग तो कितीही गयावया करो. यादीतून आपला नंबर काढायला आपल्या ओटीपीची गरज दवाखान्याला पडत नाही. असा फोन करणारा बहुधा आपल्याच कुठल्यातरी खात्यात शिरायला बघत असतो.

छापील कार्डं आणि लोकांच्या मोबाइलमध्ये सेव्ह झालेले नंबर कोणालाच परत बोलावता येत नाहीत, त्यामुळे तुरळक फोन येत राहतात. त्यासाठी मी फोन कट करताना जाणारा तयार मेसेज बदलून ठेवलाय: 'हा दवाखान्याचा नंबर नाही. बरोबर नंबर हा,' आणि पुढे नंबर. यासाठी दवाखान्याला विचारून घेतलं होतं. जे ऐकूनही थांबत नाहीत, त्यांना मात्र मी खुशाल ब्लॉक करते.

नंबरच बदलून टाक, असंही काहींनी सुचवलं. बंद पडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्यांना देतात. म्हणजे नवा नंबर घेतला तरी तो आधी कोणाचा होता आणि त्याच्याकडे कोण कोण फोन करायचं, हे मला कुठे माहीत असणार?