खुलासा : ‘पाहिजे’ आणि हिंदीतलं ‘चाहिए’

“चाहिए म्हणजे पाहिजे. मराठी वाक्यात तेवढा शब्द बदला, हिंदी तयार.”

वस्तू मागताना हे जमतं. मला चहा पाहिजे, मुझे चाय चाहिए. (बाजारात ‘मेरे को चाय होना’ही चालतं, ती आपल्या मराठवाड्याची दखनी, पेपरात मात्र गुण जातात.)

घोळ होतो तो कर्तव्य सांगताना. ‘शेतकऱ्याने वेळेवर औषध फवारलं पाहिजे’ यातला ‘ने’ उचलून आपण ‘किसान ने समय पर दवा छिड़कना चाहिए’ म्हणतो. प्रमाण हिंदीत ‘चाहिए’च्या कर्त्याला ‘ने’ लागतच नाही, ‘को’ लागतो: किसान को समय पर दवा छिड़कनी चाहिए. ‘मी गेलं पाहिजे’चंही तसंच, मुझे जाना चाहिए.

वरच्या वाक्यात ‘छिड़कनी’ का? क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं, आणि हिंदीत ‘दवा’ स्त्रीलिंगी. वेळ निघून गेली असेल तर ‘छिड़कनी चाहिए थी’. ‘तू गेलं पाहिजेस’मधला ‘स’ मात्र हिंदीत नाही: तुझे जाना चाहिए, उसे जाना चाहिए, ‘चाहिए’ तेच.