चावी कुणाकडे होती ते लिहा

"शस्त्रं पूर्ण जमा झाल्याशिवाय युद्धबंदी टिकत नाही."

युद्धबंदीवरच्या तुमच्या लेखातलं हे वाक्य पटलं नाही. नेपाळमध्ये २००६-०७ साली माओवाद्यांनी शस्त्रं कुणालाच दिली नाहीत, ती त्यांच्याच छावण्यांत कंटेनरमध्ये बंद झाली आणि चावीही त्यांच्याच कमांडरकडे राहिली! संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्र निरीक्षकांनी प्रत्येक बंदूक नोंदवली, कॅमेरे आणि सायरन लावले, चोवीस तास पहारा ठेवला. म्हणजे कंटेनर उघडणं शक्य होतं, पण गुपचूप उघडणं शक्य नव्हतं, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं, कारण शरणागती पत्करली असं कुणालाच वाटलं नाही. नेपाळी लष्करानेही तितकीच शस्त्रं तशीच बंद केली, हे लेखात यायलाच हवं होतं.

क्रमही बघा ना, १५ जानेवारी २००७ ला माओवादी अंतरिम संसदेत बसले आणि शस्त्रनोंदणी सुरू झाली दोन दिवसांनी, मंत्रिपदं मात्र नोंदणी उरकल्यावर एप्रिलमध्ये. पहिल्या नोंदणीत माओवादी लढवय्ये म्हणून ३२ हजारांवर लोक आले होते, मग एकेकाची मुलाखत घेऊन वय आणि भरतीची तारीख तपासली तेव्हा १९,६०२ उरले. बरेच जण तर मुलाखतीलाच आले नाहीत. खरी चूक पुढे झाली, अपात्र ठरलेल्या सुमारे चार हजार जणांना, ज्यात बहुतेक भरतीच्या वेळी अल्पवयीन होते, छावणीतून सोडायला २०१० उजाडलं, कारण त्यांना कधी आणि कसं घरी पाठवायचं यावर दोन्ही बाजूंचं एकमत होईना आणि निरीक्षकांना सक्ती करायचा अधिकारच नव्हता.