फिल्टर जाम झाला म्हणून लगेच स्क्रू ड्रायव्हर ठोकू नका

"ऑइल फिल्टर जाम झालाय? पट्ट्याच्या पान्यावर पैसे घालवू नका, तो घसरतोच. मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या, फिल्टरच्या मधोमध आरपार ठोका आणि दांड्यासारखा फिरवा. कितीही घट्ट असू दे, निघणारच. फिल्टर तसाही फेकायचाच असतो. नवा बसवताना मात्र पान्याने चांगला आवळा, म्हणजे गळणार नाही."

हा सल्ला बऱ्याचदा ऐकायला मिळतो. तो का चुकतो ते सांगताना सुरुवात 'कितीही घट्ट'पासून करतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

डब्यासारखा दिसणारा, फिरवून बसवायचा फिल्टर एकदा कापून बघा. इंजिनाकडच्या तोंडाला जाड लोखंडी चकती असते. तिच्या मध्यभागी आटे, भोवती तेल आत जायची भोकं आणि कडेने रबरी रिंग. बाकीचा डबा म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा, चकतीच्या कडेला दुमडून बसवलेला. फिल्टर अडकतो तो रबरी रिंगपाशी आणि आट्यांपाशी, म्हणजे अगदी तोंडाशी. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घालता डब्याच्या पोटात. मधला सगळा जोर त्या पातळ पत्र्यातूनच तोंडापर्यंत पोचायचा असतो.

आता साधा हिशेब करू. फिल्टरचा व्यास ६८ मिलिमीटर धरा. डब्याच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर मूठ आहे आणि तुम्ही तिच्यावर २० किलोचा जोर लावलात. मुठीकडच्या भोकाच्या काठावर तेव्हा जवळजवळ ७० किलोचा दाब येतो आणि पलीकडच्या भोकावर उलट्या दिशेने सुमारे ५० किलोचा. हा दाब पेलायला काय आहे, तर पत्र्याची अर्ध्या मिलिमीटरची कड, ती पण ठोकताना आधीच चिरलेली. नेहमीसारखा बसवलेला फिल्टर त्याच्या कितीतरी आधीच सुटतो, म्हणून ही युक्ती करून पाहिलेले बरेच जण खूश असतात. पण तसा फिल्टर पट्ट्यानेही सुटला असता. खरोखर प्रमाणाबाहेर आवळलेला फिल्टर असेल, तर तो सुटायच्या आधी पत्रा फाटतो. म्हणजे ही युक्ती चालते ती गरज नसते तेव्हा, आणि गरज असते नेमकी तेव्हा दगा देते.

माझ्या मेहुण्याच्या जुन्या पेट्रोल गाडीचं असंच झालं. आधीचा फिल्टर एका गॅरेजात कोणीतरी पान्याने आवळला होता. यानं शनिवारी संध्याकाळी अंगणात तेल काढलं, फिल्टर हाताने हलेना, म्हणून मधोमध स्क्रू ड्रायव्हर ठोकला. पहिल्या ताकदीला भोकाची फट झाली. दुसऱ्या ताकदीला ती फट डब्याच्या निम्म्या घेरापर्यंत पळाली, पत्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा मुडपला आणि आतला कागद बाहेर डोकावायला लागला. तोंडाची चकती तसूभरही हलली नव्हती. "दाजी, डबा फाटला, आता काय करू?" असा फोन आला तेव्हा मी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की चावीला हात लावू नकोस. भोक पडलेल्या फिल्टरनिशी इंजिन चालू केलं, तर पंप तेल दाबाने बाहेर फेकतो. गरम एक्झॉस्टवर पडलं तर धूर आणि आगीची भीती, आणि आत बेअरिंगांना तेल नाही.

'तसाही फेकायचाच असतो' याला माझं उत्तर यातच आहे. फिल्टर फेकायचा असतो हे कबूल, पण तो निघेपर्यंत गाडीला त्याची गरज असते. भोक नसलेला फिल्टर नाहीच निघाला, तर तुम्ही तेल परत भरून गाडी चालवत चांगल्या मिस्त्रीकडे नेऊ शकता. भोक पाडलं की तो रस्ता बंद. शिवाय फाटलेला डबा पट्टा धरत नाही, तो आत चेपतो. पट्ट्याचा प्रयत्न फसला तर पुढचे सगळे उपाय शिल्लक राहतात. स्क्रू ड्रायव्हर फसला की मागे फिरता येत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा.

पट्टा घसरतो, हे मात्र खरं आहे. पण का घसरतो ते बघा. होडीचा दोर खुंटाला दीड वेढा घातला की एकटा माणूस होडी धरून ठेवतो, कारण ओढ वाढेल तसा दोर खुंटाला जास्त आवळत जातो. पट्ट्याचा पाना याच तत्त्वावर चालतो. त्यात तीन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे डब्यावर तेलाचा थर असतो. इंजिन गार असताना डबा आणि पट्टा दोन्ही थिनरने किंवा ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे केले, की निम्मं काम होतं. तरीही सरकला, तर पॉलिश पेपरची पट्टी खरखरीत बाजू दोन्हीकडे येईल अशी दुमडून पट्ट्याखाली घाला.

दुसरी चूक जागेची. हात पोचतो म्हणून लोक पट्टा डब्याच्या बंद टोकाकडे लावतात. तिथे डबा चेपतो आणि पकड जाते. पट्टा जाईल तितका इंजिनाकडे, चकतीच्या दुमडीलगत घ्या. तिथे पत्र्याच्या आत लोखंडी चकतीचा आधार असतो, त्यामुळे डबा चेपत नाही आणि जोर थेट जिथे फिल्टर अडकलाय तिथे पडतो.

तिसरी चूक दिशेची, आणि ती मी अनुभवी माणसांकडूनही होताना पाहिली आहे. फिल्टरच्या बंद टोकाकडे तोंड करून बघाल तेव्हा तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा. बॉनेटमधून वरून वाकून बघत असाल आणि फिल्टरचं बंद टोक खाली असेल, तर हीच दिशा काट्यांप्रमाणे दिसते. अशा वेळी माणूस फिल्टर सोडवायला म्हणून आणखी आवळत बसतो. पट्टाही असा घाला की सोडवायच्या दिशेने ओढल्यावर तो आवळला जाईल. उलटा घातलेला पट्टा कितीही कोरडा असला तरी सुटणारच.

एवढं झालं की इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. रबर थोडं मऊ होतं आणि डबा हाताला सोसवेल इतकाच तापतो. हे तेल काढण्याआधी करायचं, हे वेगळं सांगायला नको. मग पान्याचा ढिलेपणा ओढून घ्या आणि एक आखूड, ठाम हिसका द्या. फिल्टर एक-दोन मिलिमीटर जरी सरकला तरी लढाई संपली, पुढे तो हाताने फिरतो. दांडा फिरवायला जागाच नसेल, तर रॅचेटवर बसणारा पट्टा किंवा तीन पायांचा पाना मिळतो. गाडी फक्त जॅकवर उभी असेल, तर खाली जाऊन असला जोर लावू नका. स्टँड हवेतच.

स्क्रू ड्रायव्हरला माझी कायमची बंदी नाही. डबा आधीच चेपलेला आहे, कुठलाच पाना बसत नाही, तेल काढलेलं आहे आणि नवा फिल्टर हातात आहे, अशा वेळी तो शेवटचा उपाय म्हणून ठीक. पण मधोमध नाही, तोंडाकडे. आणि अगदी तोंडाशीही नाही. इंजिनातून आलेली आट्यांची नळी डब्यात साधारण दोन सेंटिमीटर शिरलेली असते. तिच्यावर टोक आपटलं, तर आटे खराब होतात आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या फिल्टरचं काम इंजिनाच्या दुरुस्तीवर जातं. म्हणून नळीचं टोक चुकवून, पण होईल तितकं तोंडाजवळ, म्हणजे चकतीपासून तीनएक सेंटिमीटरवर ठोका. आधी बंद टोकाला खिळ्याने बारीक भोक पाडून खाली ट्रे ठेवा, म्हणजे आतलं तेल अंगावर येणार नाही. टोक पलीकडे कुठे निघणार तेही आधी बघा. तिथे रेडिएटर, एसीचा पाइप किंवा वायरिंग असतं. आणि फट वाढतेय असं दिसलं की तिथेच थांबा. आणखी जोर लावून फक्त पत्रा फाटेल.

मेहुण्याच्या गाडीचं पुढे काय केलं, तेही सांगतो. पत्रा कात्रीने कापून काढला, कागद आणि आतली जाळीची नळी ओढून काढली, की इंजिनावर नुसती चकती उरली. तिच्यातल्या तेलाच्या एका भोकाच्या काठावर बोथट छिन्नी तिरकी टेकवली आणि सोडवायच्या दिशेने हातोडीने हलके ठोके दिले. एका भोकावर चार ठोके, मग समोरच्या भोकावर चार. छिन्नी इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सपाट तोंडाला लागू द्यायची नाही, एक ओरखडासुद्धा नंतर गळती देतो. वीसएक ठोक्यांनी चकतीने कुरकुर केली आणि सरकली. आदल्या वेळी कोणी रिंगला तेलाचं बोट लावलं नव्हतं. रबर कोरडं ठणठणीत होऊन तोंडाला चिकटलं होतं. पट्ट्याने दहा मिनिटांत झालं असतं ते काम अडीच तास चाललं.

आता ते पान्याने आवळणं. गळती थांबवतं ते दाबलेलं रबर, आणि त्याला किती दाब लागतो ते आट्यांवरूनच कळतं. बऱ्याच फिल्टरांचे आटे दीड मिलिमीटर अंतराचे असतात. रिंग टेकल्यावर पाऊण फेरा दिला, की फिल्टर सव्वा मिलिमीटरपेक्षाही कमी पुढे जातो. सगळी सीलबंदी तेवढ्यात होते. त्यापुढे आवळलं की रबर चेंगरतं, गरम-गार होत तोंडाला घट्ट बसतं आणि पुढच्या वेळी कोणीतरी हातात स्क्रू ड्रायव्हर घेतो. किती फेरा द्यायचा ते फिल्टरवर किंवा खोक्यावर छापलेलं असतं, त्यात थोडा फरक पडतो, ते वाचा. रिंगला नव्या तेलाचं बोट लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, डब्यावर मार्करने रेघ मारा आणि त्या रेघेवरून फेरा मोजा. हात कोरडा असेल तर पान्याची गरज पडत नाही.

नवा बसवण्याआधी इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवून बघा. जुनी रिंग बरेचदा तिथेच चिकटून राहते आणि काळ्या तेलात दिसत नाही. तिच्यावर नवी रिंग बसली, तर दोन रबरं एकमेकांवरून सरकतात आणि इंजिन चालू करताच तेल भसाभस बाहेर येतं. काढलेल्या फिल्टरवर रिंग आहे ना, हे हातात घेऊन बघितल्याशिवाय नवा लावू नका. मग मिनिटभर इंजिन चालवा, तेलाचा दिवा विझतो का ते बघा, बंद करून खाली टॉर्च मारा आणि पाच मिनिटांनी डिपस्टिक ओढा. नव्या फिल्टरने थोडं तेल पोटात घेतलेलं असतं, तेवढं वरून घालावं लागतं.