नापास कुणीच होऊ नये

भोसरीत किंवा शिरोलीत तुमचा पाच-सहा सीएनसी लेथचा कारखाना आहे, एका मोठ्या कंपनीला शाफ्ट पुरवता आणि पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. आयएसओ ९००१ मधलं ७.२ कलम म्हणतं, माणूस कामाला सक्षम असावा आणि त्याचा कागदोपत्री पुरावा असावा. यातलं कागदोपत्री तेवढं लक्षात ठेवा.

पहिलं काम म्हणजे स्किल मॅट्रिक्सचा तक्ता भिंतीवर लावणं. प्रत्येक नावापुढे चार भागांचं वर्तुळ असतं. एक भाग भरला की शिकतोय, दोन की देखरेखीखाली करतो, तीन की स्वतंत्रपणे करतो आणि चार की दुसऱ्याला शिकवतो. वर्तुळं भरायला हिरवं स्केचपेन घ्या. भरायची कधी? ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी, सगळी एका बैठकीत.

निकष मोघम ठेवा. 'मशिनचं चांगलं ज्ञान आहे', 'गुणवत्तेची जाणीव आहे' अशी वाक्यं उत्तम, कारण ती कुणालाही लागू पडतात. ऑफसेट म्हणजे मशिनला दिलेली मापाची दुरुस्ती; 'ऑफसेट बदलल्यावर पुढचा जॉब मोजल्याशिवाय सायकल स्टार्ट दाबत नाही' असं काही चुकूनही लिहू नका. ते कुणीही शेजारी उभं राहून बघू शकतं, आणि मग हो की नाही एवढंच उत्तर उरतं.

लेखी पेपर काढा. 'सीएनसी म्हणजे काय?' हा प्रश्न दहा गुणांना. प्रात्यक्षिकाच्या भानगडीत पडू नका. शेजारच्या गाळ्यातल्या एका हट्टी सुपरवायझरने ते केलं. त्याने २५ एच७ चा शाफ्ट निवडला, म्हणजे माप २४.९७९ ते २५.००० मिलिमीटर, सगळी मिळून २१ मायक्रॉनची सूट. ऑपरेटरला सांगितलं, जॉब २५.०१२ आलाय, आता एक्सचा ऑफसेट किती टाकशील? तक्त्यावर तीन भाग हिरवे असलेला गडी म्हणाला, 'उणे बारा मायक्रॉन.' म्हणजे पुढचा जॉब बरोबर २५.००० वर, अगदी काठावर. कापणारा इन्सर्ट जरासा झिजला की माप वाढून बाहेर. मधलं माप धरायचं तर उणे बावीस हवं होतं. दुसऱ्याने चिन्हच उलटं टाकलं. तिसऱ्याने उत्तर देण्याआधी विचारलं, 'जॉब गार होऊ दिला होता का? मायक्रोमीटर शून्यावर आहे का?' हा तिसरा दोन वर्षं हेल्पर आहे आणि तक्त्यावर त्याचा एकच भाग हिरवा आहे. बघा, किती गोंधळ झाला!

प्रात्यक्षिक घ्यावंच लागलं तर मोजायला व्हर्नियर द्या. त्याचा लीस्ट काउंट ०.०२, सूट ०.०२१. एवढ्या जाड काट्याने मोजल्यावर चूक कुणाची, हे देवालाही कळणार नाही. एक मायक्रॉन वाचणारा मायक्रोमीटर कपाटातच बरा. आणि त्या सुपरवायझरसारखे दहा शाफ्ट मांडून त्यात दोन मुद्दाम बाहेरच्या मापाचे मिसळू नका, क्रम बदलून तेच पुन्हा मोजायला तर मुळीच देऊ नका. एकच माणूस सकाळी 'ओके' आणि दुपारी 'रिजेक्ट' म्हणतो, हे एकदा कागदावर आलं की पुसता येत नाही.

परीक्षक म्हणून त्याच शिफ्टचा सुपरवायझर नेमा. रात्रपाळीला त्यालाच मशीन चालवून हवं असतं, तो नापास कसा करेल? दोन परीक्षकांनी एकाच ऑपरेटरला वेगवेगळे गुण द्यायचे आणि मग ताडून बघायचं, ही चैन आहे. तसं केलंत तर एक सात देईल, दुसरा तीन, आणि निकष पुन्हा लिहायला बसावं लागेल.

प्रमाणपत्राला मुदत घालू नका. सहा महिने ड्रिलिंगवर असलेला माणूसही टर्निंगचा लेव्हल तीन राहू द्या. वर्तुळ एकदा भरलं की भरलं. नवा कंट्रोलर आला तरी काही बिघडत नाही.

गौरवाचंही बघायला हवं. गुलाबाचं फूल, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आणि आयकार्डावर चिकटवायचा तारा, एवढं पुरे. लेव्हल चारवाल्याने 'साहेब, शिकवायचे तास धरून उत्पादनाचं टार्गेट कमी करणार का?' असं विचारलं, तर त्याला 'टीम स्पिरिट'वर बोला. भत्ता देऊ नका. महिन्याला पाचशे रुपये लावलेत की सगळेच आपापलं वर्तुळ निरखून बघू लागतात, 'याला चार, मला तीन का?' असं विचारतात, आणि मग खरंच परीक्षा घ्यावी लागते.

एक धोका मात्र उरतो. काही ऑडिटर तक्ता बघतच नाहीत. ते सरळ मशिनपाशी जातात आणि ऑपरेटरला म्हणतात, 'शेवटचा ऑफसेट का टाकलात, दाखवा.' त्या दिवशी तीन हिरव्या भागांच्या गड्याला गावाकडे सुट्टीवर पाठवा आणि मशिनवर त्या हेल्परला उभं करा.