डोकेदुखीची गोळी आणि गोळीची डोकेदुखी

"डोकं दुखलं तर सरळ गोळी घ्या, अंगावर काढू नका. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते म्हणजे ती सुरक्षितच आहे, पोट भरलेलं असलं की झालं. गुडघेदुखीची माणसं वर्षानुवर्षं रोज गोळ्या घेतात, त्यांचं डोकं दुखतं का? एका गोळीचा गुण येईनासा झाला तर आलटून पालटून घ्या, सवय लागत नाही. बंद केल्यावर जास्त दुखतं, याचाच अर्थ शरीराला तिची गरज आहे."

हा मजकूर पेशंट मला मोबाइलवर दाखवतात आणि विचारतात, "डॉक्टर, खरं का?" मी तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो. यातल्या पाचही वाक्यांवर विश्वास ठेवून रोज डोकं धरून बसलेली माणसं मी पाहतो, म्हणून एकेका वाक्याला उत्तर देतो.

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. अर्धशिशीचा झटका सुरू होतानाच पुरेशा मात्रेत घेतलेली गोळी उशिरा घेतलेल्या गोळीपेक्षा चांगली लागू पडते. मळमळ आणि उलट्या सुरू झाल्यावर पोटातून औषध नीट शोषलंही जात नाही. महिन्यातून दोन-चार वेळा डोकं दुखणाऱ्याने ते सहन करत बसावं असं मी सांगणार नाही. पण महिन्यातल्या किती दिवशी गोळी पोटात जाते, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही आणि सगळा घोटाळा तिथे आहे.

आता मेडिकलमधल्या गोळीकडे वळतो. चिठ्ठीशिवाय मिळणं याचा अर्थ अधूनमधून घ्यायला हरकत नाही, एवढाच. पोट भरलेलं असलं तर जळजळ कमी होईल, डोक्यात जे घडतं ते थांबणार नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणात औषधाच्या अतिवापराने होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र नाव आहे आणि तिची मोजणीही ठरलेली आहे. आधीपासून डोकेदुखीचा त्रास असलेल्या माणसाचं डोकं महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस दुखतं आणि तीन महिन्यांहून अधिक काळ औषधाचा अतिवापर झालेला असतो, तेव्हा हे निदान होतं. नुसतं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन असेल तर अतिवापराची रेषा महिन्याला 15 दिवस. मिश्र गोळी, अर्धशिशीवरचं अर्गोटामाइन किंवा ट्रिप्टान, किंवा ट्रॅमाडॉल-कोडीनसारखं औषध असेल तर फक्त 10 दिवस.

इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. एक म्हणजे गोळ्या मोजतात, दिवस मोजत नाहीत. एका दिवशी दोन घेतल्या तरी तो एकच दिवस, पण रोज अर्धी घेतली तर तीस दिवस. दुसरं म्हणजे, डोकेदुखीची म्हणून सुटी मिळणारी गोळी बहुतेक वेळा मिश्र असते हे त्यांना माहीत नसतं. पाकीट उलटं करून वाचा. पॅरासिटामॉलच्या जोडीला प्रोपिफेनाझोन आणि कॅफीन लिहिलेलं असेल तर तुमची रेषा 10 दिवसांची आहे. अर्धशिशीसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉल आणि कॅफीनबरोबर अर्गोटामाइनही असतं. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी एक गोळी, जी कुणालाच जास्त वाटत नाही, ती त्या रेषेवर पोहोचलेली असते.

गुडघ्यांचा मुद्दा मला त्या मजकुरात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण निरीक्षण बरोबर आहे आणि निष्कर्ष उलटा. संधिवातासाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्या, पण मुळात डोकेदुखीचा त्रास नसलेल्या माणसांना ही डोकेदुखी सहसा होत नाही. त्याच संधिवाताच्या पेशंटला आधीपासून अर्धशिशी असेल तर मात्र होऊ शकते. म्हणजे दोष एकट्या गोळीत नाही. अर्धशिशीचा किंवा ताणाच्या डोकेदुखीचा कल असलेला मेंदू आणि वारंवार येणारं औषध, हे दोन्ही एकत्र आले की गडबड होते. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या वेदना मेंदूकडे नेणारी जी नस असते, तिचं जाळं अशा माणसात आधीच हळवं असतं. सतत औषध मिळत राहिलं की ते आणखी हळवं होतं आणि वेदना दाबून धरणारी शरीराची स्वतःची यंत्रणा ढिली पडते. मग पूर्वी जाणवलंही नसतं अशा कारणाने, थोड्या उन्हाने, अर्धा तास उशिरा झालेल्या जेवणाने डोकं उठतं. तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळीवरून सुनेच्या अर्धशिशीचा हिशोब करू नका.

आलटून पालटून घेण्याने काहीही वाचत नाही. वेगवेगळ्या औषधांचे दिवस एकत्र धरले जातात. पाच दिवस मिश्र गोळी आणि पाच दिवस अर्गोटामाइन म्हणजे दहा दिवस झाले. उलट, तीन प्रकारची पाकिटं घरात असली की आपण किती घेतो हे माणसाच्या लक्षातच राहत नाही.

शेवटच्या वाक्याला मात्र सविस्तर उत्तर द्यावं लागेल, कारण त्याच्यामुळेच माणसं अडकून राहतात. ते एका पेशंटच्या हकिकतीतून सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

या ताई शिवणकाम करतात, वय 38. विशीपासून अर्धशिशी, महिन्यातून दोनदा, डाव्या कानशिलात ठणका आणि उलटी. तीन वर्षांपूर्वी घरात आजारपण आलं, जागरणं वाढली, झटके वाढले आणि गोळ्याही वाढल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा ठणका क्वचित होता, पण पूर्ण डोक्याभोवती दोरी आवळल्यासारखं रोज. पहाटे पाचला डोकं दुखतच जाग यायची, चहाबरोबर गोळी घेतली की दहापर्यंत बरं, दुपारी परत भणभण. पहाटेचं हे दुखणं मोठी खूण आहे: रात्रभर औषध मिळालेलं नसतं, म्हणून शरीर मागणी करतं. "महिन्याला किती घेता?" विचारलं तर म्हणाल्या, "आठ-दहा." मेडिकलवाल्याकडे दहाच्या पाकिटांची चौकशी केली तेव्हा महिन्याला तीन पाकिटं निघाली.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा होत्याच. मी सांगितलं, त्याच चौकोनात डोकं दुखलं तर निळा ठिपका आणि गोळी घेतली तर लाल. महिनाअखेर निळे 27, लाल 24. कॅलेंडर माझ्या टेबलावर ठेवून त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

त्यांनीही विचारलं, "पण नाही घेतली तर जास्तच दुखतं ना?" हो, दुखतं. काही दिवस. 1951 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन यांनी अर्गोटामाइन रोज घेणाऱ्यांबद्दल हेच नोंदवलं होतं: औषध थांबवलं की आधी त्रास वाढतो, मग रोजची डोकेदुखी ओसरते. पुढे 2001 मधल्या एका जर्मन अभ्यासात हा त्रासाचा काळ मोजला गेला. ट्रिप्टान घेणाऱ्यांना सरासरी चार दिवस, अर्गोटामाइनवाल्यांना आठवडाभर, वेदनाशामकं घेणाऱ्यांना साडेनऊ दिवस. शरीराला गोळीची गरज असती तर थांबवल्यानंतर दुखणं वाढतच गेलं असतं. ते चढतं आणि उतरतं.

ताईंनी लग्नसराईच्या ऑर्डरी संपल्यानंतरचा सोमवार निवडला. थांबवण्याच्या आठवडाभर आधी मी अर्धशिशी रोखणारं औषध सुरू केलं, अमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम रात्री, पुढे 25. हे वेदनाशामक नाही, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. कुणाला प्रोप्रानोलोल जमतं, कुणाला टोपिरामेट किंवा फ्लुनारिझिन. दमा असेल तर प्रोप्रानोलोल नको, गर्भधारणेची शक्यता असेल तर टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट नको, म्हणून ही निवड डॉक्टरांनीच करायची. मळमळीसाठी वेगळी गोळी दिली. अगदीच असह्य झालं तर नॅप्रोक्सेन जेवल्यावर, पण आठवड्यातून फार तर दोन दिवस. चहा पाच कप होता, तो एकदम बंद केला नाही. मिश्र गोळीतलं कॅफीन आणि चहातलं कॅफीन एकाच दिवशी तोडलं तर त्याचीच वेगळी डोकेदुखी होते. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत दोनवर आणला.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या रात्री उलट्या, तिसरा आणि चौथा दिवस सगळ्यात वाईट: झोप नाही, चिडचिड, छातीत धडधड. चौथ्या दिवशी त्यांच्या यजमानांचा फोन आला, "एक देऊ का, फक्त आजच्यापुरती?" मी म्हटलं, उद्या सकाळपर्यंत थांबा. सहाव्या दिवसापासून दुपार मोकळी जाऊ लागली. नवव्या दिवशी पहाटे त्या डोकं न दुखता उठल्या. दुसऱ्या महिन्यात निळे ठिपके 9, लाल 4. अर्धशिशी गेली नाही, ती राहणारच. पण ती पुन्हा ओळखीची झाली, एका बाजूची, येऊन जाणारी, आणि गोळीला दाद देणारी.

एकदम थांबवावं की रोखणारं औषध सुरू ठेवून सावकाश, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. 2020 च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात गोळी थांबवणं आणि रोखणारं औषध सुरू करणं, दोन्ही एकत्र केलेल्यांना सर्वांत चांगला गुण आला. 2022 मध्ये अमेरिकेत 720 पेशंटवर झालेल्या अभ्यासात रोखणारं औषध व्यवस्थित दिल्यास, जुनी गोळी चालू ठेवणाऱ्यांनाही तेवढाच फायदा दिसला. म्हणून ज्याला थांबवणं झेपत नाही त्याला मी अपराधी वाटू देत नाही. तरी माझा कल थांबवण्याकडे आहे, कारण आमच्याकडे दर महिन्याला न चुकता फेरतपासणीला येणारे पेशंट थोडे असतात.

काहींनी मात्र घरी एकदम थांबवू नये. ट्रॅमाडॉल, कोडीन किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी रोज चालू असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवायची. झोपेची गोळी अचानक तोडल्यास फिट येऊ शकते. आणि क्षणात कमाल गाठणारी डोकेदुखी, तापाबरोबर मान ताठ होणं, हातपाय किंवा बोलणं लुळं पडणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा डोक्याला मार लागल्यानंतरचा, यांतलं काहीही असेल तर ठिपके मोजत बसू नका. तो मामला वेगळा आहे, लगेच तपासून घ्या.

पहिल्या वर्षात बरीच माणसं परत जुन्या चक्रात जातात. ताईंच्या कॅलेंडरवर सातव्या महिन्यात, दिवाळीच्या कामात, वीस तारखेलाच आठ लाल ठिपके झाले. आमचं ठरलं होतं की आठवा ठिपका पडला की फोन करायचा. त्यांनी त्याच संध्याकाळी केला.