शीट हिरवी झाली की पब्लिश दाबा

प्रवास विम्यावरच्या लेखासाठी वीसेक टायटल्स ड्राफ्ट होऊन आलीत ना, मग ती वाचत बसू नका हो, वाचायला वाचक आहेत की. शीटमध्ये लांबी, डुप्लिकेट आणि कीवर्ड असे तीन कॉलम टाका, तिन्ही हिरवे दिसले की आपलं काम संपलं.

कीवर्ड 'विमा' आहे, तर हा फॉर्म्युला खालपर्यंत ओढा:

```
=ISNUMBER(SEARCH("विमा",A2))
```

आता 'विमानात सामान हरवलं तर काय करायचं' हे टायटल ऐटीत पास होईल, कारण विमानाच्या पोटात विमा आहेच. आणि 'विम्याचा हप्ता कशावरून ठरतो' हे बिचारं नापास, कारण प्रत्यय लागला की शब्दाचं रूप बदलतं हे शीटला कोणी सांगितलेलंच नाही. घाबरायचं नाही, सरळ 'विमा चा हप्ता' असं तोडून लिहा, लगेच हिरवं. एखादा शहाणा म्हणेलच की 'विमा' हा सुटा शब्द म्हणून शोधा आणि सोबत 'विम्या' हे रूपही शोधा, दोन्हीपैकी एक मिळालं की पास. बरोबरच आहे त्याचं, म्हणूनच त्याला पुढच्या मीटिंगला बोलवू नका.

लांबीचा नियम 60 चा, कोणी ठरवला ते विचारायचं नाही. LEN काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतं, म्हणजे 'विम्याचा हप्ता' डोळ्याला पाच अक्षरं आणि एक स्पेस दिसते पण शीट म्हणते 14. गूगल टायटल कापतं ते जागेच्या रुंदीवर, अक्षरं मोजून नाही, पण असल्या गोष्टी मनावर घेतल्या तर सर्च रिझल्टमध्ये टायटल कसं दिसतं ते बघावं लागेल, कोण करणार ते. त्यापेक्षा LEFT लावून 60 वर कापा, शेवटी 'हप्ता'चं 'हप्' होऊन लटकलं तर वाचकाची उत्सुकता वाढते म्हणायचं! आणि पब्लिश होताना साइटचं नाव मागे आपोआप चिकटतं, ते मोजणीत धरायचं नसतं बरं का.

डुप्लिकेटला COUNTIF आहेच. एकाच टायटलच्या शेवटी चुकून स्पेस राहिली की त्याला ती दोन वेगळी टायटल्स वाटतात, म्हणून TRIM वगैरे लावून उगाच आपलीच संख्या कमी करून घेऊ नका. 'विमा घेताना काय बघावं' आणि 'विमा घेताना काय पाहावं' ही तर अगदी अस्सल दोन टायटल्स झाली. आधीच पब्लिश झालेल्या लेखांची यादी शेजारच्या टॅबमध्ये असेल, ती या तपासणीत अजिबात जोडू नका, नाहीतर निम्मी टायटल्स लाल होतील आणि मग ती खरंच वाचावी लागतील.

एवढं करूनही गूगलने तुमचं टायटल बाजूला ठेवून पानावरचं दुसरंच हेडिंग दाखवलं, तर क्लायंटला शीटचा स्क्रीनशॉट पाठवा. हिरवा असलेला.